चेहराबदलातील मिश्रणपद्धती

चेहराबदलातील मिश्रणपद्धती म्हणजे एका छायाचित्रातील चेहरा दुसऱ्या छायाचित्रातील शरीरावर बसवल्यानंतर त्याचा रंग व छायाप्रकाश जुळवण्यासाठी फोटोशॉपसारख्या आज्ञावलीत वापरल्या जाणाऱ्या पद्धती होत. रंगवलेला थर चेहऱ्याच्या थरापुरता मर्यादित ठेवून त्याला हव्या त्या पद्धतीत मिसळले जाते.

== रंग ==
मानेवरील त्वचेचा रंग नव्या थरात भरून ‘कलर’ पद्धत निवडली जाते. ही पद्धत वरच्या थराची रंगछटा व संपृक्तता घेते, परंतु उजळपणा खालच्या चेहऱ्याचाच ठेवते. त्यामुळे सुरकुत्या टिकतात. मात्र मानेपेक्षा उजळ चेहरा उजळच राहतो.

== छाया ==
ही उणीव ‘मल्टिप्लाय’ भरून काढते. तीत दोन्ही थरांच्या मूल्यांचा गुणाकार करून त्यास २५५ ने भागतात. गालाचे मूल्य २०० व छायेचे १८० असल्यास उत्तर सुमारे १४१ येते. पांढऱ्या रंगाचा परिणाम होत नाही आणि चित्र कधीही उजळत नाही. करड्या रंगाने त्वचा राखट दिसते, म्हणून मानेच्या सावलीतील तपकिरी रंग घेतला जातो. ‘सॉफ्ट लाइट’मध्ये मध्यम करडा रंग निष्प्रभ असतो, त्याहून फिकट रंग उजळवतो, तर गडद रंग सौम्यपणे काळवंडतो. नाक व गालांवरील उठाव याने साधतो.

== तपासणी व मर्यादा ==
सर्वांत वर तात्पुरता कृष्णधवल थर ठेवल्यावरही हनुवटीखालील सांधा दिसल्यास दोष उजळपणाचा असतो. सांधा नाहीसा झाल्यास तो केवळ रंगाचा असतो. नाकाची सावली विरुद्ध दिशेला पडली असेल, तर मिश्रणपद्धतीने ती वळवता येत नाही. अशा वेळी दुसरे छायाचित्र निवडावे लागते.