ग्रेस गुण आणि पदवीचा वर्ग

ग्रेस गुण म्हणजे परीक्षेत थोडक्यात हुकलेल्या विद्यार्थ्याला नियमाने दिले जाणारे वाढीव गुण. त्यामागचा नियम समजण्यासाठी मुंबई विद्यापीठाचा ऑर्डिनन्स ५०४३-अ सोयीचा.

हा ऑर्डिनन्स उत्तीर्ण होण्यासाठी नव्हे, वरचा वर्ग मिळण्यासाठी आहे. एकूण गुणांच्या १ टक्का किंवा १० गुण, यांपैकी जे कमी असेल तेवढीच तूट भरून काढता येते. समजा, एकूण गुण १२०० आहेत आणि प्रथम वर्गासाठी ६० टक्के, म्हणजे ७२० गुण हवेत. ७११ गुण मिळवणाऱ्याला ९ गुण मिळून प्रथम वर्ग मिळतो. ७०९ वाल्याला ११ गुण कमी पडतात. एक टक्का म्हणजे १२ गुण होत असले तरी दहाची मर्यादा आड येते, त्यामुळे त्याला एकही गुण मिळत नाही.

खरी मेख पुढे आहे. ७१५ गुण असूनही एखाद्या विषयात ग्रेसने उत्तीर्ण झालेला विद्यार्थी या सवलतीला मुकतो, कारण सर्व विषयांत स्वबळावर उत्तीर्ण होणे ही अट आहे. पालकांना हे अन्यायाचे वाटते. पण एकाच परीक्षेत दोनदा उदारता नको, हा विचार पटण्याजोगा आहे.

मॉडरेशन ही ग्रेस गुणांहून वेगळी बाब. त्यात नियामक निवडक उत्तरपत्रिका पुन्हा तपासून परीक्षकाच्या हाताचा सैलपणा किंवा कडकपणा जोखतो. ते निकालाआधीच उरकते.