पाण्यात कार्बोनेट किती, बायकार्बोनेट किती? रंग दोनदा बदलला की कळतं

जळगाव-धुळ्याकडे विहिरीच्या पाण्यावर चालणाऱ्या ठिबकच्या ड्रिपरवर पांढरा थर धरतो, तो बहुतेकदा चुन्याचा. त्याचं मूळ पाण्यातल्या बायकार्बोनेट आणि कार्बोनेटमध्ये. दोन्ही एकाच टायट्रेशनमध्ये वेगळे मोजता येतात.

१०० मिली पाण्यात फिनॉल्फ्थॅलिनचे थेंब टाकायचे. गुलाबी झालं नाही, तर कार्बोनेट जवळपास नाहीच. झालं, तर ०.०२ नॉर्मल सल्फ्युरिक आम्ल थेंबथेंब सोडून रंग घालवायचा. समजा, ४ मिली लागलं. इथवर कार्बोनेटचं फक्त बायकार्बोनेट झालंय, म्हणजे निम्मंच काम. मग मिथिल ऑरेंज टाकून पिवळ्याचं नारिंगी होईपर्यंत आम्ल सोडायचं. सुरुवातीपासून एकूण ३० मिली लागलं, तर कार्बोनेटचे ४ च्या दुप्पट, म्हणजे ८. उरलेले २२ बायकार्बोनेटचे. इथे १ मिली म्हणजे लिटरला १० मिलिग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात. म्हणून ८० आणि २२०.

घोळ होतो तो बाटलीत. अर्धवट भरलेल्या बाटलीतून कार्बन डायऑक्साइड निसटतो, थोड्या बायकार्बोनेटचं कार्बोनेट होतं आणि मुळात नसलेला गुलाबी रंग दिसतो. एकूण आकडा मात्र सहसा तोच राहतो, त्यामुळे चूक लक्षातही येत नाही. बाटली काठोकाठ भरून, घट्ट झाकून त्याच दिवशी तपासलेली बरी.