हातपंखा लवकर बंद पडतो? सेलला दोष देण्यापूर्वी करावयाच्या तीन तपासण्या

चार्जिंगवर चालणारा हातातील किंवा गळ्यात अडकवायचा पंखा पहिल्या उन्हाळ्यात तीन-चार तास चालतो आणि दुसऱ्या उन्हाळ्यात पाऊण तासातच थांबतो, असा अनुभव अनेकांना येतो. ‘बॅटरी गेली’ असे म्हणून पंखा टाकून दिला जातो किंवा नवा सेल बसवला जातो. मात्र हेच लक्षण तीन वेगवेगळ्या कारणांनी उद्भवू शकते. सेलची साठवणक्षमता घटलेली असते, चार्जिंगची केबल पुरेसा प्रवाह पोहोचवत नाही किंवा चार्जिंग योग्य वेळी थांबवणारी व्यवस्था बिघडलेली असते. यांपैकी नेमके कारण कोणते, हे पंखा न उघडताही बऱ्याच अंशी ठरवता येते.

एकच लक्षण, दोन कारणे

समजा, एका पंख्यावर २००० मिलिअँपिअर-तास क्षमता लिहिली आहे आणि मध्यम वेगावर त्याची मोटर सुमारे ०.५ अँपिअर प्रवाह घेते. नवा असताना हा पंखा जवळपास चार तास चालतो. आता तो दोन तास चार्ज करूनही पाऊण तासात थांबतो.

तपासणीसाठी यूएसबी मीटर हे छोटे उपकरण उपयोगी पडते. चार्जर आणि केबल यांच्यामध्ये ते जोडले की किती प्रवाह वाहत आहे आणि एकूण किती मिलिअँपिअर-तास भरले गेले, हे पडद्यावर दिसते. पंखा आपोआप बंद होईपर्यंत चालवून रिकामा करावा, मीटरवरील आकडा शून्यावर आणावा आणि पंखा बंद ठेवूनच चार्जिंग सुरू करावे.

नेहमीच्या केबलने मीटरवर केवळ ०.२ अँपिअर प्रवाह दिसला, तर दोन तासांत जेमतेम ४०० मिलिअँपिअर-तास भरले जातील आणि ०.५ अँपिअरच्या मोटरला ते ४८ मिनिटेच पुरतील. त्याच चार्जरला दुसरी आखूड, जाड केबल लावल्यावर प्रवाह ०.८ अँपिअर झाला आणि दिवा बदलेपर्यंत १८५० मिलिअँपिअर-तास भरले गेले, तर पंखा पुन्हा पावणेचार तासांच्या आसपास चालेल. येथे सेल निर्दोष आहे. दोष केबलचा आहे.

याउलट चांगल्या केबलनेही ४० मिनिटांत चार्जिंग पूर्ण झाल्याचा दिवा लागला आणि मीटरवर ४२० एवढाच आकडा आला, तर पंखा ५० मिनिटेच चालेल. वापरणाऱ्याला दोन्ही प्रसंगांत पाऊण तासाचाच अनुभव येतो, पण दुसऱ्या प्रसंगात केबल बदलून उपयोग नाही.

केबल प्रवाह का अडवते?

अनेक स्वस्त पंख्यांतील चार्जिंगचे सर्किट ५ व्होल्टचा पुरवठा घेऊन सेल ४.२ व्होल्टपर्यंत भरते. दोहोंमधील फरक मुळातच थोडा असतो. केबलची तार बारीक असेल, वाकून आतून तुटत आली असेल किंवा टोकाचा जोड सैल असेल, तर पंख्यापर्यंत ४.४-४.५ व्होल्टच पोहोचतात आणि प्रवाह एकदम घटतो. सॉकेटमध्ये साचलेली धूळ व खिशातील धागे यांचाही असाच परिणाम होतो. पुरवठा काढून लाकडी दातकोरणीने ते हलकेच काढता येतात.

दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलने पंखा मुळीच चार्ज होत नसेल, तर तो लगेच नादुरुस्त मानू नये. अशा केबलमधून पुरवठा सुरू होण्यासाठी उपकरणात दोन छोटे रोधक असावे लागतात आणि स्वस्त पंख्यांत ते अनेकदा गाळलेले असतात. जुन्या रुंद यूएसबी टोकाची केबल लावल्यास हाच पंखा चार्ज होतो.

चार्जिंग थांबण्याची खूण

लिथियम-आयन सेल ४.२ व्होल्टपर्यंत पोहोचल्यावर प्रवाह हळूहळू कमी होत जातो आणि ठरावीक पातळीखाली, सामान्यतः सुरुवातीच्या प्रवाहाच्या एक दशांशावर, सर्किट चार्जिंग थांबवते. चार्जिंग चालू असताना पंखाही फिरत असेल, तर मोटर प्रवाह ओढत राहते, ही पातळी गाठली जात नाही आणि दिवा बदलतच नाही. पंखा बंद ठेवूनही सात-आठ तासांत दिवा बदलला नाही आणि पंखा गरम लागत असेल, तर मात्र चार्जिंग त्वरित थांबवावे.

पंखा स्क्रूने उघडता येत असेल, तर केबल काढून सेलच्या दोन टोकांवर मल्टीमीटर लावावा. पूर्ण चार्जनंतर तासाभराने ४.१ ते ४.२ व्होल्ट दिसल्यास सर्किटने आपले काम केले आहे. ३.९ व्होल्टच असतील, तर चार्जिंग वेळेआधी थांबत आहे. ४.२५ व्होल्टहून अधिक आढळल्यास तो पंखा वापरू नये.

यानंतर पंखा पूर्ण वेगावर चालवून तेच व्होल्टेज पुन्हा पाहावे. चांगल्या सेलमध्ये ते ०.१-०.२ व्होल्टने उतरते. ४.१५ वरून थेट ३.४ पर्यंत घसरल्यास सेलचा अंतर्गत रोध वाढला आहे, म्हणजेच सेल थकला आहे, हे निश्चित होते. त्यापूर्वी पात्यांच्या दांड्याला केस गुंडाळलेले नाहीत ना, हे पाहावे. त्यामुळेही मोटर जादा प्रवाह घेते.

गळ्यातील पंख्यांत अनेकदा पातळ पिशवीसारखे सेल असतात आणि त्यांचे आवरण चिकटवलेले असते. ते सुरीने उचकटू नये. पिशवीला छिद्र पडल्यास आग लागू शकते. अशा पंख्यांसाठी यूएसबी मीटरची तपासणी पुरेशी मानावी. सेल फुगलेला दिसल्यास तो दाबू नये आणि पुन्हा चार्जही करू नये.

सेल बदलताना

हातपंख्यांत सामान्यतः १८ मिलिमीटर जाड व ६५ मिलिमीटर लांब असा १८६५० प्रकारचा सेल असतो. या आकाराच्या सेलची क्षमता प्रत्यक्षात ३५००-३६०० मिलिअँपिअर-तासांच्या पलीकडे फारशी जात नाही. त्यामुळे ९९०० असा आकडा छापलेला सेल विश्वासार्ह नसतो. भारतात अशा सेलना आयएस १६०४६ या मानकानुसार भारतीय मानक ब्युरोची नोंदणी आवश्यक आहे. त्यावरील ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक ब्युरोच्या बीआयएस केअर अॅपवर पडताळता येतो. सेलवर थेट डाग देऊ नये. उष्णतेने तो आतून बिघडतो. धातूच्या पट्ट्या वेल्डिंगने जोडलेला सेल दुरुस्ती करणाऱ्याकडूनच बसवून घ्यावा.

जुना सेल घरच्या कचऱ्यात टाकता येत नाही. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार तो वेगळा ठेवून संकलन केंद्राकडे द्यावा लागतो.

पावसाळ्यात होणारे नुकसान

सेल थकण्याचे एक मोठे कारण पंखा वापरात नसतानाच्या काळात दडलेले असते. जूनमध्ये रिकामा पंखा कपाटात ठेवला जातो. त्याचे सर्किट अत्यल्प प्रवाह ओढत राहते आणि मार्चपर्यंत सेल २ व्होल्टच्याही खाली जातो. इतका उतरलेला सेल आतून कायमचा बिघडलेला असतो. तो बळेच चार्ज करून जिवंत करण्याचा प्रयत्न धोकादायक ठरतो. पूर्ण भरून उष्ण जागी ठेवणेही हानिकारकच आहे. निम्मा चार्ज करून थंड जागी ठेवलेला आणि दर दोन-तीन महिन्यांनी थोडा भरलेला पंखा पुढील उन्हाळ्यातही पूर्वीच्या जवळपास चालतो.