तळटीप : वजाबाकीतून फुटणारे गुपित

* सांख्यिकी डेटाबेस फक्त बेरीज, सरासरी, संख्या सांगतो. एकट्या माणसाची नोंद दाखवत नाही. तरीही ती उत्तरांतून ताडता येते. हाच अनुमानाचा प्रश्न.

त्यावरचा जुना उपाय म्हणजे प्रश्नात बसणाऱ्या माणसांच्या संख्येवर मर्यादा. समजा, कॉलेजात 100 कर्मचारी आहेत आणि मर्यादा 5 ची आहे. मग 5 ते 95 माणसांबद्दलच्याच प्रश्नाला उत्तर मिळते. वरची मर्यादाही हवीच; नाहीतर ‘अमुक एक व्यक्ती सोडून बाकी 99’ असे विचारून, एकूण बेरजेतून ते वजा करता येईल.

आता रसायन विभागात 8 प्राध्यापक आहेत, त्यांत बाई एकच. तिचा पगार थेट विचारला तर नकार मिळतो. पण आठही जणांची बेरीज 9,60,000 रुपये आणि सात पुरुषांची 8,25,000, ही दोन्ही उत्तरे नियमात बसतात. वजाबाकी केली की तिचा पगार हाती येतो : 1,35,000.

या युक्तीला ‘ट्रॅकर’ म्हणतात. डोरोथी डेनिंग, पीटर डेनिंग आणि मेयर श्वार्ट्झ यांनी 1979 मध्ये दाखवले की असा ट्रॅकर बहुधा सहज सापडतो. कारण नियम प्रत्येक प्रश्न सुटा तपासतो. दोन प्रश्नांत किती माणसे सामाईक आहेत, हे तो पाहत नाही.