वाढत्या अंगाचे स्केट्स

आपल्याकडे मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे घेतात. फ्रॉकला आत मुडपून ठेवलेली पट्टी पुढच्या वर्षी उसवता येते आणि शाळेचा बूट एक नंबर मोठा घेतला, तर पुढे कापूस कोंबून पहिले सहा महिने निभतात. यात चूक काहीच नाही. घर चालवणाऱ्या माणसाचे ते शहाणपण आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या ते उपयोगी पडलेले आहे. ही पुस्तिका वाचकांना एवढेच विनवते, की मुलाचे पहिले स्केट्स घेताना हे शहाणपण थोडा वेळ बाजूला ठेवावे. त्यामागचे कारण समजले, की पुढची सगळी मापे आणि तपासण्या लक्षात ठेवाव्या लागत नाहीत, त्या आपोआप सुचत जातात.

पुस्तिकेचा विषय मर्यादित आहे. सहा ते दहा वर्षांच्या मुलाने नुकताच स्केटिंगचा वर्ग सुरू केला आहे, सरांनी 'स्वतःचे स्केट्स आणा' म्हणून सांगितले आहे आणि आई-वडिलांनी स्वतः कधी स्केट्स पायात घातलेले नाहीत, हे चित्र आम्ही डोळ्यांसमोर ठेवले आहे. चाकांचा रंग, बेअरिंगची प्रत, फ्रेमचा धातू या गोष्टी पुढच्या प्रकरणांत येतीलच. पण पाय बुटात नीट बसला नसेल, तर त्यातले काहीही कामाला येत नाही. म्हणून वाचकांनी सुरुवात पायापासून करावी.

साधा बूट आणि स्केटचा बूट यांतला फरक आधी पाहू. चालताना बूट चवड्यापाशी वाकतो, टाच किंचित उचलली जाते आणि बूट जरा ढगळ असला तरी पाय त्याला सांभाळून घेतो. स्केटचा तळ वाकत नाही. शिवाय पाऊल जमिनीपासून चार-पाच बोटे वर असते आणि चाकाला आत किंवा बाहेर कलवण्याचे सगळे काम टाच आणि घोटा करतात. टाच बुटात घट्ट बसली असेल, तर घोटा कलताच चाक कलते. ती बुटात हलत असेल, तर आधी ती मोकळी जागा भरून निघते आणि मगच चाकाला हुकूम पोहोचतो. तोवर मुलाचा तोल गेलेला असतो. बूट मोठा आहे, हे पालकांना बोटांपुढच्या जागेवरून कळते. मुलाला मात्र ते टाचेवर सोसावे लागते.

पुण्यातली एक आठ वर्षांची मुलगी मला या संदर्भात नेहमी आठवते. दोन महिने वर्गाला जाऊनही तिचे दोन्ही घोटे आतल्या बाजूला पडत. घोटे कमकुवत आहेत, असे घरच्यांना सांगण्यात आले होते आणि ती बिचारी रोज सकाळी चवड्यांवर उभे राहण्याचा व्यायाम करत होती. मी तिला बूट काढायला सांगितले आणि आतला इनसोल बाहेर काढून त्यावर उभे केले. टाच मागच्या कडेला टेकवल्यावर पुढे माझ्या अंगठ्याच्या रुंदीपेक्षा जास्त जागा उरली. इनसोल 218 मिलिमीटर लांब होता. तिचा उजवा पाय 198 आणि डावा 202 मिलिमीटर भरला. बूट दोन वर्षे पुरावा म्हणून मोठा घेतला होता आणि ती फट भरायला पायात दोन जाड मोजे घातले होते. तिच्या घोट्यांत दोष नव्हता. त्यांना धरून ठेवणारेच काही नव्हते.

हे माप घरी काढायला पाच मिनिटे पुरतात. दिवसभराच्या चालण्याने पाय थोडा फुगतो, म्हणून संध्याकाळची वेळ निवडा. स्केटिंगला घालणार तो पातळ मोजा मुलाच्या पायात घाला. कोरा कागद भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवा, मुलाची टाच भिंतीला लावा आणि त्या पायावर पूर्ण वजन देऊन उभे राहायला सांगा. बसून घेतलेले माप कमी भरते, कारण वजन पडल्यावर पाय पसरतो. मग सर्वांत लांब बोटासमोर पेन्सिल सरळ उभी धरून खूण करा. सर्वांत लांब बोट अंगठाच असेल असे नाही. पुष्कळांचे दुसरे बोट पुढे असते. दोन्ही पायांची मापे घ्या, मोठ्या पायाचे माप धरा आणि ते मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा.

दुकानात बुटाचा नंबर विचारण्यापेक्षा हा आकडा सांगा. युरोपीय पद्धतीत एका नंबरामागे साधारण पावणेसात मिलिमीटर वाढतात, ब्रिटिश पद्धतीत साडेआठच्या आसपास. आणि एकाच नंबराचे दोन कंपन्यांचे बूट आतून सारखे असतीलच असे नाही. पुष्कळ स्केट्सवर पायाची लांबी सेंटिमीटर किंवा मिलिमीटरमध्ये छापलेली असते, तिच्याशी आपले माप ताडून पाहा. ती नसेल आणि इनसोल निघत असेल, तर तो काढून मुलाला त्यावर उभे करा. वाढत्या मुलासाठी पायापुढे पाच-सहा मिलिमीटर जागा पुरे. बूट पायात घालून पाहण्याची सोपी युक्तीही आहे. नाडी न बांधता पाय पुढे सरकवून बोटे टेकवा. टाचेमागे साधी पेन्सिल जाईल इतकी फट असावी. मोठ्या माणसाचे बोट सहज जात असेल, तर बूट मोठा आहे.

लांबी जुळली, की टाचेकडे वळा. पाय बुटात घातल्यावर नाडी लगेच आवळू नका. आधी टाच जमिनीवर मागच्या बाजूने दोन-तीन वेळा हलकेच आपटा, म्हणजे ती बुटाच्या मागच्या खोबणीत बसेल. बोटांपाशी नाडी सैल ठेवा आणि पाऊल जिथे पोटरीकडे वळते, त्या वळणावर ती सर्वांत घट्ट करा. इनलाइन स्केटवर याच ठिकाणी तिरका पट्टा असतो. टाच खाली धरून ठेवण्याचे मुख्य काम त्याचे, आणि घाईत नेमका तोच सैल राहतो. आता मुलाला सरळ उभे करा; बोटे बुटाच्या टोकाजवळ असतील. गुडघे वाकवून नडगी बुटाच्या जिभेवर टेकवली, की बोटे किंचित मागे सरतात आणि टाच आणखी खाली बसते. याच स्थितीत तुम्ही स्केट जमिनीवर दाबून धरा आणि मुलाला टाच उचलायला सांगा. ती जाणवण्याइतकी उचलली गेली, तर पट्टा पुन्हा बांधून पाहा. तरीही उचलली गेली, तर तो बूट त्या पायाचा नव्हे.

निर्णयाआधी पंधरा मिनिटे स्केट्स पायात राहू द्या, मग बूट आणि मोजा काढून कातडी पाहा. मोज्याच्या विणीचे सगळीकडे सारखे उमटलेले, थोड्या वेळात मावळणारे ठसे ही चांगली खूण. घोट्याच्या हाडावर किंवा पावलाच्या आतल्या उंचवट्यावर एकच गडद लाल डाग दिसला, तर तो बूट तिथे चावणार आणि आठवड्याभरात फोड येणार. बोटांना मुंग्या आल्या असतील, तर एकदा नाडी पुढे सैल करून पाहा. त्याने भागले नाही तर बूट रुंदीला अपुरा आहे. लांब बूट घेऊन रुंदीची अडचण सुटत नाही. टाच मात्र हमखास सुटते.

मूल वाढणार, मग दर वर्षी नवे स्केट्स घ्यायचे का, हा प्रश्न रास्त आहे. या वयात पाय वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. त्यासाठीच लांबी कमी-जास्त करता येणारे स्केट्स निघाले आहेत. बटण दाबून पुढचा भाग सरकवला, की तीन-चार नंबरांपर्यंत एकच जोड चालतो. त्यांची मर्यादाही वाचकांनी ओळखून घ्यावी. लांबी वाढते ती पुढच्या बाजूने. टाचेची खोबण मात्र जेवढी आहे तेवढीच राहते. म्हणून आजचा पाय त्याच्या लहानात लहान किंवा त्यापुढच्या खाचेवर बसत असेल आणि टाचेची परीक्षा आजच पार पडत असेल, तरच तो जोड घ्यावा. आपल्या साध्या बुटांवर पट्ट्यांनी बांधायचे चार चाकी स्केट्स अजूनही पुष्कळ वर्गांत चालतात. तिथे हीच परीक्षा आतल्या बुटाची करायची. मऊ, जाड तळाचा धावायचा बूट पट्ट्याखाली दबतो आणि पाय डुलतो. सपाट, टणक तळाचा, नाडीचा बूट अधिक बरा.

टोरांटो किंवा न्यू जर्सीसारख्या ठिकाणी राहणाऱ्या वाचकांच्या घरी पहिला जोड बर्फावरचा असेल. माप घेण्याची रीत हीच. फरक इतकाच, की आइस हॉकीच्या बुटाचा नंबर नेहमीच्या बुटापेक्षा बहुधा एक ते दीड कमी येतो. तो पाहून दचकून मोठा मागू नका. हे बूट टणक असतात. काही बूट गरम करून पायाच्या आकाराला बसवता येतात. त्याने घोट्यापाशी आराम मिळतो, लांबी मात्र बदलत नाही. पाते चाकापेक्षा कितीतरी अरुंद असल्याने हलणारी टाच बर्फावर आणखी लवकर उघडी पडते.

त्या मुलीला आम्ही खाचांचाच एक जोड दिला आणि तो 207 मिलिमीटरवर लावला. दोन मोज्यांच्या जागी एक पातळ मोजा आला. ती उभी राहिली तेव्हा डावा घोटा सरळ होता. उजवा पाय चार मिलिमीटर लहान असल्याने तिकडचा तिरका पट्टा एक दाता जास्त ओढावा लागला, मग तोही सरळ झाला. तीन महिन्यांनी पुन्हा माप घेतले, तर डावा पाय 204 भरला होता आणि जोड तसाच ठेवला. तिच्या आईने तो पहिला कागद जपून ठेवला होता. नवी खूण त्याच कागदावर, तारीख घालून, दुसऱ्या रंगात केली. वाचकांनीही पहिल्या मापाचा कागद टाकू नये. दर तीन महिन्यांनी मुलाला त्यावर उभे करावे. बूट वाढत्या अंगाचा घेऊ नये. कागद मात्र जरूर घ्यावा, वर भरपूर जागा सोडून.