खारपाण, किडनी आणि लंडनचे दोन नळ

भातकुली तालुका पूर्णा नदीच्या खारपाण पट्ट्यात येतो. विहीर खणली तर पाणी लागतं, पण ते खारं असतं. त्यानं ना तहान भागते, ना ओलित धड होतं. जमीन उलट चोपण होते. इकडे गावोगाव एक वाक्य ऐकू येतं, "या पाण्यानं किडन्या जातात." मी अमरावतीत वैद्यकीय ग्रंथालयात काम करतो. हे वाक्य घेऊन संशोधन करू पाहणारी मुलं दरवर्षी माझ्या टेबलाशी येतात. त्यांना मी आधी १८५४ सालच्या लंडनमध्ये नेतो.

दक्षिण लंडनमध्ये तेव्हा दोन कंपन्या पाणी पुरवत. साउथवर्क अँड वॉक्सहॉल कंपनी शहराच्या घाणीतच थेम्सचं पाणी उपसत होती. लॅम्बेथ कंपनीनं १८५२ मध्ये आपला उपसा वरच्या अंगाला, थेम्स डिटनला नेला होता. काही वस्त्यांत एकाच गल्लीत दोघांचे नळ होते. माणसं, घरं, हवा सारखी, फरक फक्त पाण्याचा. जॉन स्नोनं कॉलऱ्याचे मृत्यू मोजले. दर १०,००० घरांमागे पहिल्या कंपनीच्या गिऱ्हाइकांत ३१५, दुसरीच्या ३७.

आपल्याला जवळची वाटावी अशी गोष्ट पुढे आहे. कित्येक घरांना आपला नळ कोणत्या कंपनीचा हेच ठाऊक नव्हतं. स्नोनं पाण्यात सिल्व्हर नायट्रेट टाकून ते ओळखलं, कारण साउथवर्कच्या पाण्यात मीठ कितीतरी पट जास्त होतं. कोण कोणतं पाणी पितं हे त्यानं लोकांच्या सांगण्यावर सोडलं नाही.

१९९५ मध्ये रिचर्डसन, विल्सन, निशिकावा आणि हेवर्ड यांनी डॉक्टरांसाठी एक छोटा लेख लिहिला: नीट बांधलेल्या प्रश्नाला रुग्ण, उपाय किंवा संपर्क, तुलना आणि परिणाम असे चार भाग असावेत. हीच पुढे 'पिको' नावाची चौकट झाली. उपायाऐवजी संपर्क असेल, म्हणजे पाणी, धूर, फवारणी, तर 'पेको' म्हणतात. स्नोचा प्रश्न तिच्यात जसाच्या तसा बसतो.

आता भातकुलीचं वाक्य बसवून पाहू. 'किडन्या जातात' म्हणजे काय? लोकांच्या बोलण्यात मुतखडाही 'किडनीचाच आजार' असतो. दोन्हींची कारणं वेगळी, म्हणून परिणाम एकच निवडायचा: गाळणक्षमता (जीएफआर) ६० च्या खाली, तीही तीन महिने टिकलेली. एकदाच काढलेलं क्रिएटिनिन पुरत नाही. माणसं: पट्ट्यात दहाएक वर्षं राहिलेले प्रौढ. संपर्क: विहीर किंवा हातपंपाचं खारं पाणी, क्षार मोजलेलं. इथेच गाडी अडते, कारण घरात आज नळ, कॅन आणि विहीर तिन्ही असतात. आज काय पिता हे विचारून भागत नाही. दहा वर्षांपूर्वी काय पीत होता हे लागतं. तुलना: धरणाचं गोडं पाणी आधीपासून मिळालेली शेजारची गावं, पण शेतातलं ऊन, फवारणी आणि दुखण्याच्या गोळ्या दोन्हीकडे सारख्या हव्यात. अमरावती शहराशी तुलना केली की सगळं बिघडलं.

मग शोध. बहुतेक मुलं पबमेडवर saline टाकतात आणि सलाइनच्या बाटलीवरचे हजारो लेख समोर येतात. kharpan टाकलं तर जवळपास काहीच नाही. गावाचं नावही सुरुवातीला नकोच. तुलनाही शोधात घालू नये; ती लेखाच्या सारांशात क्वचितच शब्दांत असते, आणि घातली की कामाचे लेख गळतात. मी एवढंच लिहून देतो:

```
("drinking water" OR groundwater OR "well water")
AND (salinity OR "total dissolved solids" OR hardness)
AND ("Renal Insufficiency, Chronic"[Mesh]
     OR "chronic kidney disease" OR CKDu)
```

पहिल्या दोन ओळी संपर्काच्या, उरलेल्या परिणामाच्या. CKDu म्हणजे कारण न सापडलेला मूत्रपिंडाचा जुनाट आजार. हा शब्द घातला की श्रीलंकेचा उत्तर-मध्य प्रांत आणि आंध्रातलं उद्दानम समोर येतं. हाती आलेलं फारच थोडं असेल तर परिणामाच्या ओळी काढून blood pressure घालून पाहायचं.

तसं केलं की बांगलादेशच्या किनारपट्टीवरचे लेख दिसतात. तिथे खारट पाण्यानं गरोदर बायांचा रक्तदाब वाढतो असं काही अभ्यास म्हणतात. २०१९ च्या एका अभ्यासात मात्र थोडं खारं पाणी पिणाऱ्यांचा रक्तदाब किंचित कमी निघाला. संशोधकांनी त्याचा संबंध पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी जोडला. म्हणून 'खाऱ्या पाण्यानं किडनी कशी खराब होते' असा प्रश्न मी खोडायला लावतो. त्यात उत्तर आधीच बसलेलं असतं, आणि मग मुलगा सोयीचे लेखच उचलतो. 'खारं पाणी पिणाऱ्यांत, गोडं पिणाऱ्यांच्या तुलनेत, हा आजार कमी, जास्त की तेवढाच?' एवढं लिहून आण, म्हणतो.

गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीनं ते लिहून आणलं आणि खाली स्वतःहून एक ओळ जोडली: प्रत्येक घरच्या पाण्याचा नमुना घेणार, कोणत्या विहिरीचं ते विचारून नाही.