नमस्काराच्या पोटात काय असतं?

नमस्कार मंडळी. आता बघा, मी ‘नमस्कार मंडळी’ म्हणालो आणि तुमच्यातल्या चारजणांनी बोलणं थांबवून माझ्याकडे पाहिलं. त्या दोन शब्दांत माहिती काहीच नव्हती. पण त्यांच्याऐवजी मी थेट मुद्दा सांगितला असता, तर तो त्या चौघांचा हुकला असता.

स्टेशनवरच्या घोषणेचं असंच असतं. ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे’ हे चार शब्द कान गोळा करण्यासाठी खर्च होतात. ते अर्धे ऐकू आले तरी बिघडत नाही. गाडीचा नंबर मात्र हुकून चालत नाही, म्हणून तो त्यानंतर येतो आणि तोही सुटा सुटा. डेक्कन क्वीनचा १२१२३ हा नंबर ‘एक, दोन, एक, दोन, तीन’ असा वाचतात. ‘बारा हजार एकशे तेवीस’ म्हटलं, तर गोंगाटात ‘तेवीस’ की ‘बावीस’ असा घोटाळा होईल.

उलट टोक पाहा. विमान आपत्कालीन स्थितीत उतरताना कर्मचारी डोकं खाली घ्यायला ओरडून सांगतात. तिथे कुणी ‘नमस्कार’ म्हणत नाही. कान आधीच टवकारलेले असतात.

पण अभिवादन दुसरंही एक काम करतं. आपण कुणाशी बोलतोय, हे ते सांगतं. आणि अडचण तिथेच सुरू होते. इंग्रजीत पिढ्यान्‌पिढ्या ‘लेडीज अँड जंटलमेन’ चाललं. या दोन्ही शब्दांत जे स्वतःला बसवू शकत नाहीत, त्यांना घोषणा ऐकू येते, पण हाक मारली जात नाही. २०१७ मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेने हे शब्द सोडून ‘गुड मॉर्निंग एव्हरीवन’ धरलं. न्यूयॉर्कनेही त्याच वर्षी बदल केला.

मला सर्वांत बोलकी वाटते ती जपान एअरलाइन्सची गोष्ट. १ ऑक्टोबर २०२० पासून त्यांनी आपल्या इंग्रजी घोषणांतून ‘लेडीज अँड जंटलमेन’ काढलं. जपानी घोषणांना मात्र हात लावावा लागला नाही. तिथे आधीपासून ‘मिनासामा’ आहे, म्हणजे आदराने ‘सर्वजण’. त्यात स्त्री-पुरुष भेदच नाही. एकच विमान, तेच प्रवासी, पण प्रश्न फक्त एका भाषेत उभा राहिला.

मराठीत काय? सभेत आपण ‘बंधूंनो आणि भगिनींनो’ म्हणतो, म्हणजे तीच अडचण. रेल्वेचं ‘प्रवाशांनी’ मात्र कुणालाच वगळत नाही. तिकीट काढलं की तुम्ही प्रवासी. त्यातला ‘द्यावे’ही हुशार आहे: ‘द्या’ म्हटलं की आज्ञा, ‘द्यावे’ म्हटलं की विनंती. शिवाय समोर आजोबा असोत की शाळकरी मुलगा, ‘तू’ की ‘तुम्ही’ हा पेचच पडत नाही.

आणि ‘मंडळी’? त्यातही सगळे मावतात. म्हणून तर सुरुवात त्याने केली.